चिठ्ठी कुणाच्या नावाची? सॅम्पलिंगच्या प्रश्नात पद्धत कशी ठरवायची

पीएसएमच्या पेपरात सॅम्पलिंगवरचा प्रश्न नुसती व्याख्या क्वचितच विचारतो. तो एक प्रसंग मांडतो. अमुक तालुका, इतकी लोकसंख्या, इतके दिवस, इतके कर्मचारी. कोणती पद्धत वापराल आणि का? किंवा सर्व्हे झालेला असतो आणि पद्धत ओळखायची असते. दोन्ही प्रकारांत गोंधळ एकाच जागी होतो. स्ट्रॅटिफाइडमध्येही लोकसंख्येचे गट पडतात, क्लस्टरमध्येही पडतात, आणि प्रश्न वाचताना दोन्ही गट सारखेच दिसतात. मग गाव हा स्तर धरायचा की क्लस्टर?

गाव मुळात दोन्हींपैकी काहीच नसतं. सर्व्हेत त्याचं काय केलं, यावर ते ठरतं. म्हणून प्रश्न हातात आला की आधी एवढंच शोधा: पहिली चिठ्ठी कुणाच्या नावाची निघाली? संपूर्ण लोकसंख्येच्या एकाच यादीतून थेट माणसांची नावं निघाली, तर ते सिंपल रँडम. आधी गट पाडले, एकही गट न सोडता प्रत्येकातून माणसांच्या चिठ्ठ्या काढल्या, तर ते स्ट्रॅटिफाइड. आणि चिठ्ठ्यांवर गटांचीच नावं होती, काही गट निघाले आणि बाकीचे वगळले गेले, तर ते क्लस्टर. ‘प्रत्येक तालुक्यातून’ आणि ‘चिठ्ठीने निघालेल्या तालुक्यांतून’ या दोन शब्दप्रयोगांतच निम्मे एमसीक्यू सुटतात.

पद्धत निवडायला सांगितली असेल तर विचार उलट दिशेने करावा लागतो. माझा क्रम असा: आधी यादी आहे का ते पाहायचं, मग गटागटांत फरक अपेक्षित आहे का, आणि शेवटी माणसं किती विखुरलेली आहेत. तिन्ही गोष्टी सातारा-सांगलीच्या उदाहरणांवर पाहू. खालचे आकडे सरावासाठी बनवलेले आहेत. ते कुठल्याही खऱ्या सर्व्हेचे निष्कर्ष नाहीत.

यादी हातात आहे: सिंपल रँडम

प्रश्न: सातारा शहरातल्या एका शाळेत आठवी ते दहावीच्या ६०० मुली आहेत. त्यांच्यातलं रक्तक्षयाचं प्रमाण काढण्यासाठी ८० मुली निवडायच्या आहेत. पद्धत सांगा.

इथे हजेरीपट आहे, म्हणजे सॅम्पलिंग फ्रेम तयार आहे. सगळ्या मुली एकाच इमारतीत आहेत, त्यामुळे ज्या निघतील त्यांच्यापर्यंत पोचायला खर्च नाही. प्रश्नात वर्गनिहाय किंवा वस्तीनिहाय तुलना मागितलेली नाही. त्यामुळे सिंपल रँडम पुरतं. इथे उगाच स्तर पाडणाऱ्याला परीक्षक पुढचा प्रश्न विचारतोच की ते कशासाठी पाडले.

मुलींना ००१ ते ६०० क्रमांक द्या. रँडम नंबर टेबलमध्ये डोळे मिटून एक जागा धरा आणि तिथून तीन-तीन अंक वाचत चला. समजा आकडे असे आले: ४८२, ९१७, ०६३, ३५५, ७४०, ४८२, ५१९. यांतून ४८२, ०६३, ३५५ आणि ५१९ घ्यायचे. ९१७ आणि ७४० हे क्रमांक यादीत नाहीत, म्हणून सोडायचे. दुसऱ्यांदा आलेला ४८२ ही सोडायचा, कारण एकाच मुलीचं रक्त दोनदा काढायचं नाही. असं करत ८० पूर्ण करायचे. संगणकावर करायचं असेल तर नावांशेजारच्या रकान्यात `=RAND()` भरा, ते आकडे स्थिर करून त्यांच्या क्रमाने यादी लावा आणि वरच्या ८० मुली घ्या. `=RANDBETWEEN(1,600)` वापरलं तर तोच क्रमांक पुन्हा येऊ शकतो, म्हणून पहिली रीत बरी.

पद्धत बरोबर असूनही नमुना बिघडतो तो इथून पुढे. निवडलेली मुलगी त्या दिवशी गैरहजर असते आणि तिच्याऐवजी शेजारच्या बाकावरची घेतली जाते. गैरहजर मुलींत आजारी मुलींचं प्रमाण जास्त असण्याची शक्यता असते, आणि तसं झालं तर रक्तक्षय प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. दोन-तीनदा परत जाऊन तीच मुलगी गाठणं हाच खरा उपाय. तरीही जितक्या सुटतील त्यांची संख्या अहवालात लिहायची. उत्तरात ही एक ओळ असली की उत्तर प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाचं वाटतं.

एक सापळा ध्यानात ठेवा. ‘ओपीडीत येणारा प्रत्येक पाचवा रुग्ण’ हे सिंपल रँडम नव्हे, ते सिस्टिमॅटिक. आणि ‘आठवडी बाजारात भेटलेले पहिले ५० पुरुष व ५० स्त्रिया’ हे स्ट्रॅटिफाइडसारखं दिसलं तरी तिथे चिठ्ठीच नाही; ते कोटा सॅम्पलिंग, नॉन-प्रोबॅबिलिटी गटातलं.

फरक आधीच ठाऊक आहे: स्ट्रॅटिफाइड

सातारा जिल्हा या पद्धतीसाठीच आखल्यासारखा आहे. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटणचा मुसळधार पावसाचा डोंगरपट्टा. मध्ये कृष्णाकाठचा बागायती भाग. पूर्वेला माण-खटावचा अवर्षणप्रवण पट्टा, जिथे उन्हाळ्यात पाणी साठवून ठेवल्याशिवाय भागत नाही. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डास अंडी घालतो. म्हणजे डेंगीच्या सर्व्हेत हे तीन भाग सारखे निघणार नाहीत, हे घराबाहेर पडण्याआधीच सांगता येतं.

प्रश्न: सर्व्हेच्या क्षेत्रात पूर्व भागात ६,०००, मध्य भागात २४,००० आणि डोंगरी भागात ६,००० घरं आहेत. एकूण ६०० घरं तपासून हाउस इंडेक्स काढायचा आहे आणि तिन्ही भागांचं चित्रही हवं आहे.

हाउस इंडेक्स म्हणजे तपासलेल्या दर शंभर घरांत अळ्या सापडलेली घरं. ३६,००० घरांतून सरसकट चिठ्ठ्या काढल्या तर पूर्व भागातून सरासरी शंभरेक घरं येतील, पण प्रत्यक्षात ती ८५ ही येतील किंवा ११५ ही. प्रत्येक भागातून किती घरं येणार हे नशिबावर सोडायचं नसेल, तर आधी स्तर पाडायचे. हिशोब सोपा आहे. ३६,००० मधून ६०० म्हणजे दर ६० घरांमागे एक. म्हणून पूर्वेतून १००, मध्यातून ४००, डोंगरी भागातून १००. हे प्रपोर्शनल अ‍ॅलोकेशन. मग प्रत्येक भागाची वेगळी यादी करून तिच्यातून सिंपल रँडम पद्धतीने घरं काढायची. हे दुसरं पाऊल बरेच जण लिहीत नाहीत. स्तर पाडले म्हणजे नमुना रँडम झाला असं नाही. स्तराच्या आत चिठ्ठी टाकावीच लागते.

समजा पूर्वेत १०० पैकी ३०, मध्यात ४०० पैकी ४० आणि डोंगरात १०० पैकी ५ घरांत अळ्या सापडल्या. एकूण ६०० पैकी ७५. हाउस इंडेक्स १२.५ टक्के.

आता तोच प्रश्न थोडा फिरवून येतो. अधिकाऱ्यांना तिन्ही भागांची तुलना सारख्याच अचूकतेने हवी आहे, म्हणून प्रत्येक भागातून २०० घरं घेतली. प्रमाण तेच राहिलं तर अळ्या सापडलेली घरं अनुक्रमे ६०, २० आणि १० होतात. एकूण ६०० पैकी ९०, म्हणजे १५ टक्के. घरं तीच, डास तेच, आणि आकडा अडीच टक्क्यांनी फुगला. कारण पूर्व भाग लोकसंख्येत एक षष्ठांश आहे, नमुन्यात मात्र तो एक तृतीयांश झाला. दुरुस्तीसाठी प्रत्येक भागाच्या टक्केवारीला त्याच्या खऱ्या वाट्याने गुणायचं: ३० गुणिले १/६ म्हणजे ५, १० गुणिले ४/६ म्हणजे ६.६७, ५ गुणिले १/६ म्हणजे ०.८३. बेरीज १२.५. समान वाटप करणं चूक नाही. वजन न देता सरसकट टक्केवारी काढणं चूक आहे.

‘स्ट्रॅटिफाइडने अचूकता वाढते’ हे वाक्य सगळेच लिहितात, पण ती किती वाढते हे वरच्याच आकड्यांवर बघण्यासारखं आहे. ६०० घरांचं सिंपल रँडम सॅम्पल घेतलं असतं तर १२.५ टक्क्यांची स्टँडर्ड एरर सुमारे १.३५ टक्के आली असती. प्रपोर्शनल स्ट्रॅटिफाइडमध्ये ती सुमारे १.३१ येते. फायदा आहे, पण थोडा. स्तरांमधली दरी याहून मोठी असेल तेव्हा तो ठळक होतो. या उदाहरणातला खरा लाभ असा की कोणताही भाग नमुन्यातून निसटत नाही आणि प्रत्येकाचा वेगळा आकडा मिळतो. उत्तरात हेच कारण पहिलं लिहा.

स्तर कशावर पाडायचे? ज्या गोष्टीचा मोजायच्या आजाराशी संबंध आहे त्यावर. स्तराच्या आत घरं एकमेकांसारखी हवीत, आणि स्तरास्तरांत फरक हवा. घराच्या रंगावरही स्तर पाडता येतील, पण डेंगीच्या सर्व्हेत त्यांचा उपयोग शून्य.

यादीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. गावातल्या घरांची यादी म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, हाताशी असते. पण गळिताच्या हंगामात शेताकडेला उभी राहिलेली ऊसतोड कामगारांची पालं त्यात नसतात. त्यांचं साठवलेलं पाणी, त्यांची लसीकरण न झालेली मुलं यादीबाहेर राहतात. फ्रेममध्येच नसलेल्या माणसाची चिठ्ठी निघण्याची शक्यता शून्य असते, आणि नमुना कितीही मोठा केला तरी ही उणीव भरत नाही. आशा सेविकेकडून अशा पालांची वेगळी यादी करून तो चौथा स्तर धरावा, असं उत्तरात सुचवता येतं.

यादी नाही, वस्त्या लांब: क्लस्टर

प्रश्न: जत तालुक्यात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांमध्ये गोवर-रुबेला लसीच्या पहिल्या डोसचं कव्हरेज काढायचं आहे. मुलांची एकत्र यादी नाही. तालुका मोठा आहे आणि पुष्कळ कुटुंबं गावठाणाबाहेर मळ्यांत, वस्त्यांवर राहतात.

इथे सिंपल रँडमचा हट्ट धरला तर आधी तालुकाभरच्या मुलांची यादी करावी लागेल, आणि मग एकेका मुलासाठी एकेका वस्तीवर गाडी न्यावी लागेल. गावांची यादी मात्र जनगणनेत लोकसंख्येसह तयार मिळते. म्हणून चिठ्ठी गावांची काढायची आणि निघालेल्या गावांतच मुलं शोधायची. जागतिक आरोग्य संघटनेची ३० गुणिले ७ ही प्रसिद्ध पद्धत हीच: ३० क्लस्टर, प्रत्येकात ७ मुलं, एकूण २१०.

२१० कुठून आले हे व्हायवात हमखास विचारतात. कव्हरेज माहीत नाही म्हणून p ५० टक्के धरायचं, कारण तिथे नमुना सर्वांत मोठा लागतो. q म्हणजे १०० वजा p. चूक, म्हणजे L, १० टक्क्यांपर्यंत चालेल असं धरायचं.

n = 4pq / L² = (४ × ५० × ५०) / (१० × १०) = १००

चारऐवजी १.९६ चा वर्ग घेतला तर ९६ येतात. हा आकडा सिंपल रँडमचा. एकाच गावातली मुलं बऱ्याच अंशी एकमेकांसारखी असतात: तीच एएनएम, तेच उपकेंद्र, तोच रस्ता. म्हणून सातवं मूल पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी नमुना डिझाइन इफेक्टने गुणायचा. लसीकरणाच्या या पद्धतीत तो २ धरलेला आहे. ९६ दुणे १९२. ते ३० गावांत वाटले तर प्रत्येकी साडेसहाच्या आसपास, म्हणून ७.

आता गावं निवडू. ३० ची यादी इथे मावणार नाही, म्हणून आठ गावांतून ४ क्लस्टर काढून दाखवतो. रीत तीच.

| गाव | लोकसंख्या | संचयी बेरीज |
|---|---|---|
| अ | १,८०० | १,८०० |
| ब | ५,२०० | ७,००० |
| क | ९०० | ७,९०० |
| ड | ३,१०० | ११,००० |
| इ | ७,४०० | १८,४०० |
| फ | १,६०० | २०,००० |
| ग | २,५०० | २२,५०० |
| ह | १,५०० | २४,००० |

एकूण २४,००० ला ४ ने भागा: सॅम्पलिंग इंटरव्हल ६,०००. मग १ ते ६,००० मधला एक रँडम आकडा घ्या. समजा २,३५० आला. त्यात ६,००० मिळवत गेलं की ८,३५०, १४,३५० आणि २०,३५० मिळतात. प्रत्येक आकडा ज्या गावाच्या संचयी बेरजेत पहिल्यांदा सामावतो ते गाव निवडायचं. २,३५० ब मध्ये पडतो, ८,३५० ड मध्ये, १४,३५० इ मध्ये आणि २०,३५० ग मध्ये. हीच प्रोबॅबिलिटी प्रपोर्शनल टू साइझ, म्हणजे पीपीएस.

इ गावाची लोकसंख्या इंटरव्हलपेक्षा जास्त आहे, त्यामुळे सुरुवातीचा आकडा कोणताही आला तरी ते निघणारच. ४०० पर्यंतचा, किंवा ५,००१ आणि त्यापुढचा आकडा आला असता तर ते दोनदा निघालं असतं. तेव्हा दुसरं गाव शोधायचं नाही. त्याच गावात सात-सात मुलांचे दोन वेगळे क्लस्टर घ्यायचे.

मोठ्या गावाला जास्त संधी दिली हा अन्याय नाही का, असं विद्यार्थी विचारतात. गाव निघण्याची संधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते, पण गाव निघाल्यावर मुलं सातच घ्यायची असतात, त्यामुळे मोठ्या गावातल्या एकेका मुलाची संधी त्याच प्रमाणात घटते. दोन्ही एकमेकांना छेदतात आणि तालुक्यातल्या प्रत्येक मुलाची संधी जवळपास सारखी होते. म्हणूनच इथे वेगळं वजन द्यावं लागत नाही. गावं साध्या चिठ्ठीने काढून प्रत्येकातून सात मुलं घेतली असती, तर लहान वाडीतल्या मुलाचं वजन नमुन्यात अवाजवी वाढलं असतं.

गावात गेल्यावर जुन्या पद्धतीत मध्यावर उभं राहून बाटली किंवा पेन फिरवतात, त्या दिशेच्या घरांतून एक रँडम घर धरतात आणि तिथून ज्या घराचं दार सर्वांत जवळ ते पुढचं, असं करत सात मुलं पुरी करतात. आपल्याकडे ही पायरीच सर्वांत कच्ची. सुरुवात देवळापासून किंवा चावडीपासून झाली की सात मुलं गावठाणातच भरतात आणि दोन-तीन किलोमीटरवरची मळ्यातली वस्ती राहून जाते. लस चुकलेली मुलं तिथेच असण्याचा संभव जास्त. म्हणून आधी वाड्यावस्त्या धरून नकाशा करावा, गावाचे साधारण सारख्या घरसंख्येचे भाग पाडावेत, एक भाग चिठ्ठीने काढावा, त्यातल्या घरांची यादी करावी आणि तिच्यातून घरं निवडावीत. आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या कव्हरेज सर्व्हे मार्गदर्शिकेनेही घरांची यादी करून प्रोबॅबिलिटी पद्धतीनेच निवड करण्यावर भर दिला आहे. परीक्षेत ३० गुणिले ७ लिहाच, पण शेवटी ही मर्यादा जोडा.

वेळ वाचवण्यासाठी ३० ऐवजी १० गावं घेऊन प्रत्येकात २१ मुलं घेतली तर? एकूण २१० च राहतात. पण

डिझाइन इफेक्ट = 1 + (m − 1) × ρ

इथे m म्हणजे एका क्लस्टरमधली मुलं आणि ρ म्हणजे त्यांच्यातलं साम्य, इंट्राक्लास कोरिलेशन. सात मुलांना डिझाइन इफेक्ट २, म्हणजे ρ एक षष्ठांश. तेच साम्य धरून २१ मुलांना तो १ + २०/६, म्हणजे ४.३३ होतो. २१० मुलांची किंमत पहिल्या आराखड्यात १०५ स्वतंत्र मुलांइतकी होती; दुसऱ्यात ती सुमारे ४८ वर येते. अंदाजातल्या चुकीची मर्यादा साडेनऊ टक्क्यांवरून चौदा टक्क्यांवर जाते. एकूण मुलं तेवढीच ठेवायची असतील, तर गावं वाढवा आणि गावातली मुलं कमी करा.

निकालही याच हिशोबाने मांडायचा. २१० पैकी १६८ मुलांच्या कार्डावर नोंद सापडली, कव्हरेज ८० टक्के. नेहमीच्या सूत्राने ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल सुमारे ७५ ते ८५ येतो, पण ते सूत्र सिंपल रँडमचं. स्टँडर्ड एररला २ च्या वर्गमुळाने गुणलं की तो ७२ ते ८८ होतो, आणि हाच लिहायचा. शिवाय ‘ब गावात सातपैकी चारच मुलांना लस, म्हणून तिथलं कव्हरेज ५७ टक्के’ असं लिहू नका. सात मुलांवरून एका गावाबद्दल बोलता येत नाही. सगळे क्लस्टर मिळून तालुक्याबद्दल बोलतात.

स्तर आणि क्लस्टर यांची अपेक्षा एकमेकांच्या उलट असते, तेही याच उदाहरणात दिसतं. स्तर आतून एकसारखा हवा. क्लस्टर आतून जितका संमिश्र, तितका उत्तम. सगळ्या प्रकारची घरं असलेलं गाव चांगला क्लस्टर होतो, कारण जी गावं वगळली त्यांच्या वतीनेही त्याला बोलायचं असतं.

दोन्ही एकत्र आले की

आता हा प्रश्न पाहा. सांगली जिल्ह्याच्या दहाही तालुक्यांतून प्रत्येकी तीन गावं चिठ्ठीने निवडली आणि त्या गावांतल्या साठ वर्षांवरच्या सर्व व्यक्तींचा रक्तदाब मोजला. पर्यायांत स्ट्रॅटिफाइडही आहे आणि क्लस्टरही.

पहिली चिठ्ठी गावांची निघाली, म्हणजे गाव क्लस्टर. पण एकही तालुका वगळला नाही, म्हणजे तालुका स्तर. वर्णनात्मक उत्तरात ‘स्ट्रॅटिफाइड क्लस्टर सॅम्पलिंग, तालुका हा स्तर, गाव हा क्लस्टर’ असं सरळ लिहा. निघालेल्या गावांतल्या साठीवरच्या सगळ्या व्यक्ती घेतल्या, म्हणून हे एका टप्प्याचं. गावातून पुन्हा चिठ्ठीने चाळीसच व्यक्ती घेतल्या असत्या तर दोन टप्प्यांचं झालं असतं. आणि वाळवा किंवा मिरजेसारख्या मोठ्या तालुक्यातूनही तीनच, आटपाडीतूनही तीनच गावं घेतली असल्याने, जिल्ह्याचा एकच आकडा काढताना तालुक्यागणिक वजन द्यावं लागेल, ही ओळ त्याखाली लिहा.